रिपोर्ट उलटा वाचू नका

काही दिवसांपूर्वी आमच्या गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात ‘तपासण्या आणि त्यांचे अर्थ’ या विषयावर मी बोललो. पडद्यावर एकच वाक्य दाखवलं: ‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या आजाराच्या शंभर पेशंटपैकी सुमारे नव्वद जणांच्या रक्तात एचएलए-बी२७ हे जीन सापडतं.’ मग विचारलं, ‘तुमचा एचएलए-बी२७ रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर तुम्हाला हा आजार असण्याची शक्यता किती?’

सभागृहात निवृत्त शिक्षक होते, बँकेतले लोक होते, दोन इंजिनिअर होते. जवळजवळ सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: नव्वद टक्के. एका काकांनी तर मलाच उलट विचारलं, ‘डॉक्टर, उत्तर पडद्यावरच लिहिलंय की! यात विचारायचं काय?’

उत्तर पडद्यावर नव्हतं. पडद्यावर होतं ते ‘आजार असेल तर जीन किती जणांत’ याचं उत्तर. मी विचारलं होतं ‘जीन असेल तर आजार किती जणांत’. दोन्ही वाक्यांत शब्द तेच आहेत, दिशा उलटी आहे. आणि खरं उत्तर नव्वदच्या जवळपासही नाही. कुठलीही तक्रार नसलेल्या माणसाच्या बाबतीत ते तीन-चार टक्के येतं. कसं, ते खाली मांडतो.

त्याआधी एक साधं उदाहरण घ्या. वारीत पंढरपूरला चालत जाणाऱ्या शंभर वारकऱ्यांकडे पाहा, बहुतेकांच्या गळ्यात तुळशीची माळ दिसेल. म्हणून तुळशीची माळ घातलेला माणूस भेटला की ‘हा यंदा पायी वारीला गेलाच असणार’ असं तुम्ही म्हणता का? नाही म्हणत. कारण माळ घालून घरी असलेले, दुकानात बसलेले, शेतात राबणारे कितीतरी लोक तुम्ही रोज पाहता. माळकऱ्यांचा तो मोठा गट तुमच्या डोळ्यांसमोर असतो, म्हणून तुम्ही चुकत नाही.

जीन असूनही ठणठणीत असलेल्या माणसांचा गट मात्र कोणाच्याच डोळ्यांसमोर नसतो. ते दवाखान्यात येत नाहीत. त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं. म्हणून रिपोर्ट हातात पडला की आपण वाक्य उलटं करतो, आणि उलटं केलंय हे कळतही नाही.

हे मी का लिहितोय, ते सांगतो. एका तरुणाची सोयरीक या एका उलट्या वाक्यामुळे मोडली आहे.

तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. कॉम्प्युटरवर दहा-दहा तास बसून काम. दोन महिने कंबर दुखत होती. कोणा डॉक्टरला दाखवण्याआधीच त्याने सवलतीत मिळणारं ‘पाठीच्या तक्रारींचं’ तपासणी पॅकेज घेतलं. त्यात ही जीनची टेस्टही होती. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. लग्न ठरलं होतं. लपवायला नको म्हणून त्याने तो मुलीकडच्यांना प्रामाणिकपणे दाखवला. मुलीच्या मामांनी मोबाइलवर शोधलं, तिथे लिहिलेलं सापडलं की या आजाराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक पेशंटमध्ये हे जीन असतं, आणि आजार वाढला तर पाठीचा कणा बांबूसारखा ताठ होऊ शकतो. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. त्यावरून घरात जे वाक्य तयार झालं ते मात्र खोटं होतं: ‘मुलाला नव्वद टक्के पाठीचा आजार आहे.’ आठ दिवसांत निरोप आला.

तो माझ्याकडे आला तेव्हा आई बरोबर होती. तिने पहिला प्रश्न विचारला, ‘डॉक्टरसाहेब, रिपोर्ट खोटा आहे का?’

मी म्हणालो, ‘नाही बाई, रिपोर्ट अगदी खरा आहे. ते जीन त्याच्यात आहे. वाचलाय मात्र उलटा.’ मग रिपोर्टच्याच पाठीमागे गणित मांडलं. तेच तुमच्यासाठी मांडतो. टक्के बाजूला ठेवा आणि माणसं मोजा.

एखाद्या गावातले दहा हजार प्रौढ घ्या. त्यांत हा आजार वीस जणांना आहे असं धरू. हे जीन आजार नसलेल्यांमध्ये किती जणांत असतं, हा आकडा देशोदेशी बदलतो. युरोपीय वंशाच्या लोकांत तो शंभरात आठच्या आसपास आहे. आपण हिशेबासाठी पाच धरू.

आता त्या वीस पेशंटपैकी नव्वद टक्के, म्हणजे अठरा जणांत जीन सापडेल. उरलेल्या नऊ हजार नऊशे ऐंशी निरोगी माणसांत पाच टक्के, म्हणजे चारशे नव्व्याण्णव जणांत जीन सापडेल. पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन उभे असलेले एकूण झाले पाचशे सतरा. त्यांतले आजारी अठरा. अठरा भागिले पाचशे सतरा म्हणजे साडेतीन टक्के.

नव्वद कुठे आणि साडेतीन कुठे! माझ्या धरलेल्या आकड्यांत तुम्ही थोडाफार फरक करून पाहा. साडेतीनचे दोन होतील किंवा पाच होतील. नव्वद होणार नाहीत. कारण आजार दुर्मीळ आहे आणि जीन दुर्मीळ नाही. निरोगी माणसांचा ढीग एवढा मोठा आहे की त्यातले पाच टक्केसुद्धा आजाऱ्यांच्या नव्वद टक्क्यांना गिळून टाकतात.

इथे प्रयोगशाळेची चूक शोधू नका. यंत्र बिघडलेलं नाही, नमुना बदललेला नाही. त्या चारशे नव्व्याण्णव जणांमध्ये जीन खरोखरच आहे. फक्त त्यांना आजार नाही, आणि बहुतेकांना तो आयुष्यात कधी होणारही नाही. म्हणूनच मी हे उदाहरण निवडलं. ‘दुसऱ्या लॅबमध्ये परत करून बघू’ या आपल्या नेहमीच्या तोडग्याचा इथे काही उपयोग नाही. जीन बदलत नाही, रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्हच येणार. सुधारायची आहे ती आपली वाचण्याची दिशा.

सभागृहात यावर एका बाईंनी फार चांगला प्रश्न विचारला. ‘मग ही टेस्ट निरुपयोगीच म्हणायची?’

अजिबात नाही. आता दुसरं गणित करू.

या आजाराची कंबरदुखी वेगळ्या चालीची असते. ती बहुधा पंचेचाळिशीच्या आत, हळूहळू सुरू होते आणि तीन महिन्यांहून जास्त टिकते. विश्रांतीने बरं वाटण्याऐवजी वाढते आणि हालचाल केली, व्यायाम केला की कमी होते. पहाटे दुखण्याने जाग येते. सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तास, कधी त्याहून जास्त, आखडलेली असते. कधी या तर कधी त्या बाजूचा कुल्ला दुखतो. काहींचा डोळा लाल होऊन दुखतो, काहींची टाच दुखते, कुणाला सोरायसिस असतो, कुणाच्या सख्ख्या नात्यात हाच आजार असतो. (आपल्याकडे मान दुखली की ‘स्पॉन्डिलायटिस झालाय’ म्हणतात, तो हा आजार नव्हे. ती बहुतेक वेळा वयानुसार मणक्यांची होणारी झीज असते.)

अशा चालीची, दीर्घकाळ टिकलेली कंबरदुखी असलेले एक हजार तरुण घ्या. त्यांच्यापैकी सुमारे एकशे चाळीस जणांना या गटातला आजार निघतो असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्या एकशे चाळीसांत नव्वद टक्के, म्हणजे एकशे सव्वीस जणांत जीन सापडेल. उरलेल्या आठशे साठ जणांत पाच टक्के, म्हणजे त्रेचाळीस जणांत सापडेल. पॉझिटिव्ह एकूण एकशे एकोणसत्तर, त्यांत आजारी एकशे सव्वीस. म्हणजे चारांत तीन.

तीच टेस्ट, तेच जीन, रिपोर्टवर तोच शब्द. पहिल्या गटात अर्थ साडेतीन टक्के, दुसऱ्या गटात पंच्याहत्तर टक्के. फरक रक्तात नाही. रक्त काढण्याआधी डॉक्टरने काय विचारलं आणि काय तपासलं, त्यात आहे. पेशंटशी दहा मिनिटं बोलल्याशिवाय काढलेल्या रिपोर्टचा अर्थ लावताच येत नाही.

त्या मुलाला मी हेच प्रश्न विचारले. संध्याकाळी, दिवसभर बसून झाल्यावर दुखतं. रात्री आडवं झालं की बरं वाटतं. सकाळी उठताना काहीच नसतं. रविवारी तर दुखतच नाही. पुढे वाकून पाहिलं तर कंबर व्यवस्थित वाकत होती, छाती पूर्ण फुगत होती. डोळा, टाच, त्वचा, घरचा इतिहास, कशातही काही नाही. ही खुर्चीची कंबरदुखी होती. त्याची शक्यता चारांत तीनच्या गटातली नव्हती. कंबर दुखते म्हणून ती साडेतीन टक्क्यांपेक्षा थोडी जास्त धरा, पण ती त्या टोकाची होती. मी एमआरआय लिहून दिला नाही. काय बदललं तर परत यायचं, हे मात्र लिहून दिलं: पहाटेचं दुखणं, सकाळचं आखडणं, लाल डोळा.

सभागृहातला तिसरा प्रश्न असा होता: ‘निगेटिव्ह आली तर तरी आपण सुटलो ना?’ हीसुद्धा वाक्याची उलटापालटच आहे. शंभर पेशंटपैकी दहा जणांत हे जीन नसतं. वरच्या दुसऱ्या गटात एकशे चाळीसपैकी चौदा जणांचा रिपोर्ट निगेटिव्ह येईल आणि आजार असेल. निगेटिव्ह रिपोर्ट आला की आजार असण्याची शक्यता खूप कमी होते, हे खरं. पण पहाटे दुखण्याने उठणाऱ्या तरुणाला ‘जीन नाही, म्हणजे काही नाही’ असं सांगून परत पाठवणं ही चूक आहे. त्याच्या माकडहाडाच्या वरच्या दोन सांध्यांचा, म्हणजे सॅक्रोइलियाक सांध्यांचा, एक्स-रे आणि गरज पडली तर एमआरआय पाहायला हवा. हा आजार ओळखायला वर्षंच्या वर्षं उशीर होतो. लवकर ओळखला तर व्यायाम आणि औषधांनी बहुतेक लोक नोकरी, संसार सगळं नीट करतात. म्हणजे त्या मुलाला आजार असता, तरी लग्न मोडण्याइतकं ते कारण नव्हतंच.

आता दोष कुणाचा? लोक सांगतात, ‘पेशंटना गणित कळत नाही.’ हे मला मान्य नाही. आधी आम्हा डॉक्टरांचं बघा.

अमेरिकेतल्या हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या रुग्णालयांमधल्या साठ जणांना एक प्रश्न विचारला गेला होता. १९७८ साली त्याचे निकाल प्रसिद्ध झाले. त्या साठांत शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी होते, निवासी डॉक्टर होते आणि अनुभवी डॉक्टरही होते. प्रश्न असा: एक आजार हजारात एकाला आहे. टेस्ट निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. माणसाबद्दल बाकी काहीच माहीत नाही आणि त्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली. आजार असण्याची शक्यता किती? हजार माणसं मोजा: एक आजारी, आणि निरोगींपैकी सुमारे पन्नास पॉझिटिव्ह. एक्कावन्नात एक, म्हणजे सुमारे दोन टक्के. साठांपैकी फक्त अकरा जणांनी हे उत्तर दिलं. जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं, पंच्याण्णव टक्के.

‘निरोगी असेल तर पॉझिटिव्ह येण्याची शक्यता पाच टक्के’ हे वाक्य त्यांनी ‘पॉझिटिव्ह आला तर निरोगी असण्याची शक्यता पाच टक्के’ असं वाचलं. आमच्या वाचनालयातल्या काकांनी नेमकं हेच केलं होतं. काकांना हसणाऱ्या डॉक्टरने आधी हा निकाल आठवावा.

आम्ही असे चुकतो त्याला कारण आहे. वैद्यकशास्त्राची पुस्तकं आजारांच्या नावाने लिहिलेली असतात. धडा उघडला की वर आजाराचं नाव, खाली ‘या आजारात अमुक इतक्या टक्क्यांना ताप, इतक्यांना सांधेदुखी, इतक्यांत अमुक टेस्ट पॉझिटिव्ह’. सगळी वाक्यं आजाराकडून लक्षणाकडे जातात. पाठ करून आम्ही परीक्षा देतो. पेशंट मात्र उलट्या टोकाने येतो. त्याच्या हातात लक्षण असतं, रिपोर्ट असतो, आणि आजार शोधायचा असतो. शिवाय आमचं शिक्षण वॉर्डमध्ये होतं, जिथे सगळे आजारीच असतात. ते चारशे नव्व्याण्णव निरोगी लोक आम्हाला शिकताना कधी भेटतच नाहीत. माझंही पहिली काही वर्षं असंच होतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की मला आजार ‘सापडला’ असं वाटायचं.

ही चूक अजाणतेपणी होते, तोवर ती माफ करता येईल. पण तिच्यावर दुकान चालवलं तर ती माफ करता येत नाही. लक्षणं न विचारता, डॉक्टरने न तपासता, सणासुदीच्या सवलतीत अशी टेस्ट पॅकेजमध्ये घालून विकली जाते. जाहिरातीत ‘इतके टक्के अचूक’ असं मोठ्या अक्षरांत असतं. कोणत्या दिशेने अचूक? आजारी माणसांना ओळखण्यात, निरोगी माणसांना सोडून देण्यात, की पॉझिटिव्ह आलेल्यांना खरंच आजार असण्यात? हे तीन वेगवेगळे आकडे आहेत. विकणारा त्यातला मोठा आकडा छापतो, आणि घेणारा तो तिसरा समजून वाचतो. या गैरसमजावर पुढच्या तपासण्या विकल्या जातात. म्हणून ‘करून घ्यायला काय हरकत आहे, कळलेलं बरं’ हे वाक्य मला पटत नाही. त्या मुलाला काय कळलं? त्याच्यात एक निरुपद्रवी राहण्याचीच जास्त शक्यता असलेलं जीन आहे, एवढंच. त्याची त्याने काय किंमत मोजली, ते वर सांगितलंच आहे.

आणि ‘पेशंटने मागितली म्हणून लिहून दिली’ म्हणणारे माझे व्यवसायबंधूही सुटत नाहीत. जी टेस्ट लिहिताना ‘पॉझिटिव्ह आली तर मी काय करणार आणि निगेटिव्ह आली तर काय करणार’ याची दोन वेगळी उत्तरं आपल्याकडे नाहीत, ती लिहू नये.

तुम्ही काय करायचं? रिपोर्ट हातात आला की त्यावरचा टक्का विसरा आणि डॉक्टरला एक प्रश्न विचारा: ‘माझ्यासारख्या तक्रारी असलेल्या शंभर जणांचा रिपोर्ट असाच आला, तर त्यातल्या किती जणांना खरंच हा आजार निघेल?’ प्रश्नात ‘माझ्यासारख्या तक्रारी’ हे शब्द हवेतच, कारण सगळा फरक त्यांनीच पडतो. अचूक आकडा कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. पण ‘शंभरात दोन-चार’ की ‘निम्मे’ की ‘बहुतेक सगळे’, एवढं डॉक्टरला सांगता आलं पाहिजे. उत्तरात ‘या आजाराच्या नव्वद टक्के लोकांत ही टेस्ट पॉझिटिव्ह असते’ असं ऐकू आलं, तर ओळखा की तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. उलट्या प्रश्नाचं मिळालं आहे. न संकोचता पुन्हा विचारा.

त्या मुलाच्या आईने गणित लिहिलेला तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. जाताना म्हणाली, ‘हे त्या मामांना कोणी दाखवायचं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून इथे लिहिलं. तुमच्या घरातही असे मामा असतील, त्यांना दाखवा. निरोप धाडण्याआधी त्यांनी एकदा माणसं मोजावीत.